लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही: चार्जरची ओळख नेमकी कुठे अडते

चार्जर लावलेला आहे, लॅपटॉप सुरू आहे, खाली कोपऱ्यात बॅटरीच्या चित्राजवळ प्लगची खूणही दिसते. पण आकडा ३८ वरून हलत नाही. चित्रावर बाण नेला की `Plugged in, not charging` असं लिहून येतं, किंवा नव्या विंडोजमध्ये नुसतं `Not charging`. मग बहुतेक जण ठरलेल्या क्रमाने जातात. इंटरनेटवर शोधतात, ड्रायव्हर काढून परत टाकतात, पॉवर प्लॅन बदलून बघतात, विंडोज अपडेट करतात आणि शेवटी कुणीतरी सांगतं म्हणून फॉरमॅट मारतात. एवढं सगळं करूनही आकडा ३८ च राहतो.

कारण हा क्रमच उलटा आहे. बॅटरी चार्ज करायची की नाही, हा निर्णय विंडोज घेतच नाही. तो मदरबोर्डवरचा एक छोटा कंट्रोलर घेतो. त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, दुरुस्तीवाले नुसतं ईसी म्हणतात. लॅपटॉप बंद असला तरी चार्जर लावल्यावर तो जागा असतो. चार्जर कुठला आहे, किती वॅटचा आहे, बॅटरी किती भरलीय, किती तापलीय, मालकाने काही मर्यादा घातलीय का, हे सगळं बघून तो चार्जिंग सुरू करतो किंवा अडवून ठेवतो. बॅटरीच्या आतही एक सर्किट असतं आणि धोका वाटला तर तेही दार बंद करतं. विंडोज या दोघांकडून फक्त बातमी घेतं. 'चार्ज होतेय' आणि 'खर्च होतेय' अशा दोन खुणा त्याला मिळतात. चार्जर लागलेला असताना या दोन्हींपैकी एकही खूण आली नाही, की विंडोज तो निरोप दाखवतं. म्हणजे निरोपाचा सरळ अर्थ असा: वीज लॅपटॉपपर्यंत पोचतेय, पण बॅटरीत शिरू दिली जात नाहीये.

म्हणून पहिली परीक्षा विंडोजच्या बाहेर घ्यावी. बॅटरीचा आकडा लिहून ठेवा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि तासभर चार्जरला लावून ठेवा. झाकण मिटून झोपवू नका, खरोखर शट डाउन करा. तासाने सुरू केल्यावर आकडा चांगला वाढलेला असेल, तर चार्जर, बॅटरी आणि कंट्रोलर तिघंही आपलं काम करतायत. लॅपटॉप सुरू असताना काहीतरी आड येतंय, एवढाच शोध मग उरतो. आकडा जिथल्या तिथे असेल, तर विंडोज निर्दोष आहे असं समजा आणि ड्रायव्हरचा विषय बाजूला ठेवा. या एका तासामुळे पुढचे दोन दिवस वाचतात.

आकडा ६० किंवा ८० वरच थांबत असेल तर आधी एक साधी गोष्ट बघा. बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून हल्ली जवळपास सगळ्या कंपन्या चार्जिंगला मर्यादा घालायची सोय देतात. लेनोवोमध्ये तिचं नाव `Conservation Mode`, आसुसमध्ये `Battery Health Charging`, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, `Battery Health Manager` नावाने असते, आणि डेलच्या बायोसमध्ये बॅटरीच्या सेटिंगखाली `Primarily AC Use` किंवा `Custom` असे पर्याय असतात. ही मर्यादा चालू असताना बॅटरी अमुक आकड्याला थांबणं हेच बरोबर वागणं आहे. अनेकदा आपण स्वतः ते सेटिंग कधी उघडलेलंही नसतं, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कधी चालू केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. यातली फसवी बाब अशी की मर्यादा कंट्रोलरमध्ये जतन होऊ शकते. कंपनीचं अ‍ॅप काढून टाकलं, अगदी विंडोज नव्याने टाकलं, तरी ती तशीच राहू शकते. अशा वेळी तेच अ‍ॅप परत टाकून मर्यादा बंद करावी लागते. आकडा ९५ ते ९९ च्या मध्ये थांबलेला असेल तर तिकडे लक्षही देऊ नका. भरलेल्या बॅटरीला थोड्याथोड्याने सारखं चार्ज करणं तिला मानवत नाही, म्हणून आकडा थोडा उतरेपर्यंत कंट्रोलर मुद्दाम थांबतो.

पण आकडा ३८ ला, १२ ला, कुठेही अधेमधे अडकला असेल, तर मला सगळ्यात आधी चार्जरच्या ओळखीचा संशय येतो. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण दुकानातही तो अनेकदा सुटतो.

गोल पिनचा लॅपटॉप चार्जर जवळून बघा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच चार्जरांच्या गोल तोंडाच्या आत, बरोबर मध्यभागी, सुईसारखी एक बारीक पिन दिसते. बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या कड्यांमधून वीज जाते. ही मधली पिन वीज देण्यासाठी नसते. तिच्यावरून चार्जर लॅपटॉपला आपली ओळख सांगतो. डेलच्या चार्जरमध्ये त्यासाठी एक इवलीशी मेमरी चिप असते. पिन खोचल्याक्षणी कंट्रोलर त्या चिपला विचारतो आणि चिप सांगते: मी ६५ वॅटचा, १९.५ व्होल्टचा. लेनोवोच्या चौकोनी पिवळ्या तोंडाच्या चार्जरमध्येही मधे पिन असते. तिथे चिपऐवजी ठरावीक किमतीचा रेझिस्टर असतो आणि तो मोजून लॅपटॉप वॅटेज ओळखतो.

हा खटाटोप कशाला, तर सुरक्षेसाठी. लॅपटॉप जोरात काम करत असताना आणि त्याच वेळी बॅटरी भरत असताना ६५ वॅटपर्यंत ओढ लागू शकते. समोरचा चार्जर ४५ वॅटचाच असेल आणि लॅपटॉपने न विचारता ६५ ओढायला घेतले, तर चार्जर तापेल, बंद पडेल किंवा जळेल. म्हणून ओळख पटली नाही की कंट्रोलर सावध पवित्रा घेतो: लॅपटॉप चालू ठेवायचा, पण बॅटरी चार्ज करायची नाही आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणायचा. डेलचे लॅपटॉप अशा वेळी सुरू होतानाच काळ्या पडद्यावर सूचना देतात, की अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही, यंत्र हळू चालेल आणि बॅटरी चार्ज होणार नाही. बरेच लोक ती रोज सकाळी न वाचताच पुढे जातात.

माझा एक मावसभाऊ नागपूरच्या इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात हिशेब बघतो. त्याचा लॅपटॉप अशाच मधल्या पिनेचा, तीन वर्षं वापरलेला. "दादा, चार्जर तर लावून हाये, मग चार्ज काहून नाही होऊन राहिला?" असं म्हणत तो घरी घेऊन आला. त्याआधी एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथे चार्जरला मीटर लावून बघितलं, १९.५ व्होल्ट आले, म्हणजे चार्जर चांगला. मग बॅटरी गेली असणार, नवी टाका, असं निदान झालं होतं. मी त्याला बोलता बोलता विचारलं की अलीकडे लॅपटॉप हळू झालाय का. तो म्हणाला, हिशेबाची फाइल उघडायलाच दोन-तीन मिनिटं लागतात, पण चार्जर काढला की जरा बरा चालतो. हे उत्तर महत्त्वाचं होतं. चार्जर लावल्यावर लॅपटॉप हळू आणि काढल्यावर वेगात, असा प्रकार बॅटरी खराब असल्याने होत नाही. ओळख न पटलेल्या चार्जरची ही खूण आहे.

खात्री करायला दोन गोष्टी बघितल्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि `Performance` मध्ये प्रोसेसरचा वेग पाहिला. चार्जर लावलेला असताना तो 0.8 GHz च्या आसपास खिळून होता. कामाचा ताण आला तरी वर जात नव्हता. मग स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून `Terminal (Admin)` उघडलं आणि ही आज्ञा दिली. जुन्या विंडोजमध्ये तिथेच `Windows PowerShell (Admin)` असं लिहिलेलं असतं.

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
  Select PowerOnline, Charging, Discharging, ChargeRate, DischargeRate
```

उत्तरात `PowerOnline` पुढे `True`, `Charging` आणि `Discharging` दोन्हींपुढे `False`, आणि दोन्ही दर शून्य आले. म्हणजे वीज आहे, बॅटरी भरतही नाही आणि रिकामीही होत नाही. वर सांगितलेल्या निरोपाचं हे आकड्यांतलं रूप. चार्जिंग व्यवस्थित चालू असतं तर `ChargeRate` पुढे मोठा आकडा दिसला असता. तो मिलिवॅटमध्ये असतो, म्हणजे 30000 म्हणजे ३० वॅट.

त्यानंतर लॅपटॉप परत सुरू करताना बायोसमध्ये गेलो. डेलमध्ये त्यासाठी F2 दाबतात, एचपीमध्ये F10, लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये F1. बॅटरीच्या माहितीच्या पानावर चार्जरच्या ओळीत जिथे 65 W दिसायला हवं होतं तिथे `Unknown` होतं. विंडोज अजून सुरूही झालेलं नव्हतं, तरी ओळख अडलेलीच होती. म्हणजे ड्रायव्हर आणि पॉवर प्लॅनचा प्रश्न तिथेच संपला.

आता दोष चार्जरमध्ये की लॅपटॉपमध्ये, एवढंच ठरवायचं होतं. त्यासाठी दुसरा खात्रीचा चार्जर लावून बघण्यासारखी परीक्षा नाही. शेजारच्यांकडे त्याच कंपनीचा, त्याच जाडीच्या पिनेचा ६५ वॅटचा चार्जर होता. तो लावला, बायोसमध्ये 65 W आलं, विंडोजमध्ये वेग वर गेला आणि आकडा ३८ चा ३९ झाला. लॅपटॉपचं सॉकेट आणि बोर्ड ठीक निघाले. मग त्याचा जुना चार्जर उजेडात धरून पाहिला. मधली पिन सरळ होती, पण तोंडाजवळ जिथे वायर रबरात शिरते तिथे ती दुमडून मऊ पडली होती. दुकान बंद करताना रोज वायर चार्जरभोवती घट्ट गुंडाळून पिशवीत कोंबायची सवय होती. वीज नेणाऱ्या तारा जाड असतात, त्या टिकून राहिल्या. ओळखीची तार बारीक असते, ती आतून तुटली. वायर त्या जागी सरळ ताणून धरत पिन काढून परत खोचली की एखाद्या वेळी 65 W दिसायचं, सोडली आणि परत खोचली की `Unknown`. काढून परत खोचावंच लागतं, कारण ओळख विचारली जाते ती पिन आत शिरताना.

मीटरवर हा दोष दिसला नाही, कारण दुकानात मोजलं गेलं ते फक्त विजेचं व्होल्टेज. ओळखीच्या तारेतून काय बोलणं होतंय हे त्या मोजणीत येत नाही. १९.५ व्होल्ट येतायत म्हणजे चार्जर चांगला, हे वाक्य मधल्या पिनेच्या चार्जरला अर्धंच लागू पडतं. त्या लॅपटॉपची बॅटरी खरं तर चांगली होती, ती बदलली असती तरी नवी बॅटरीही चार्ज झाली नसती.

नवा चार्जर घेताना त्याला एकच सांगितलं: लॅपटॉप सोबत घेऊन जा. बर्डीच्या बाजारात असो की आणखी कुठे, पैसे देण्याआधी चार्जर लावून बायोस उघडायला सांगायचं आणि तिथे वॅटेज दिसतंय का ते स्वतः बघायचं. स्वस्तातल्या काही चार्जरांमध्ये मधली पिन दिसायला असते, पण तिच्यामागे ओळखीची चिप नसते किंवा चुकीची असते. डब्यावर ६५ वॅट छापलेलं असणं पुरेसं नाही, लॅपटॉपला ते वाचता आलं पाहिजे. वॅटेज मूळ चार्जरइतकं किंवा जास्त चालतं. ६५ च्या जागी ९० वॅटचा लावला तर लॅपटॉप आपल्याला लागेल तेवढंच ओढतो. व्होल्टेज मात्र मूळ चार्जरवर छापलेलंच हवं, आणि पिनेची जाडीही तीच. ४५ वॅटचा लावला तर ओळख पटेल, पण 'कमी पडतोय' अशी सूचना येईल आणि काम चालू असताना बॅटरी अगदी सावकाश भरेल किंवा भरणारच नाही.

दोन खात्रीचे चार्जर लावूनही `Unknown` च येत असेल, तर दोष लॅपटॉपकडे आहे. तेव्हाही लगेच मदरबोर्ड बदलायला तयार होऊ नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंगचं सॉकेट स्वतंत्र तुकडा असतो आणि छोट्या केबलने बोर्डाला जोडलेला असतो. पिन खोचलेली असताना लॅपटॉप ओढला गेला की तो सैल होतो. तो बदलणं बोर्डाच्या मानाने खूप स्वस्त पडतं, म्हणून आधी तोच तपासायला सांगा. ओळखीची तार विजेच्या तारेला चिकटून बोर्डावरचा भागच जळाला असेल तर मात्र चिप लेव्हलचं काम करणाऱ्या माणसाकडेच जावं लागतं. आणि डेलच्या बायोसमध्ये अडॅप्टरची सूचना बंद करण्याचा पर्याय असतो, तो उपाय समजू नका. त्याने फक्त पडद्यावरचा मजकूर जातो, चार्जिंग अडलेलंच राहतं.

नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जर येतो. तिथे मधली पिन नाही, पण ओळख आहेच, उलट जास्त सविस्तर आहे. केबल जोडली की चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग दोघांत एका वेगळ्या तारेवर बोलणं होतं. चार्जर आपली यादी सांगतो: ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ व्होल्टला ३ अँपिअर, २० व्होल्टला ३.२५ अँपिअर, असं. लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो आणि मगच व्होल्टेज चढतं. या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, चार्जरवर ती `PD` अशी छापलेली असते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, त्यामुळे हिशेब सोपा आहे. २० ला ३.२५ ने गुणलं की ६५ वॅट, आणि ९ ला ३ ने गुणलं की फक्त २७.

घरोघरी घोळ होतो तो मोबाइलच्या चार्जरमुळे. त्यावर ठळक अक्षरांत ६७ किंवा ८० वॅट लिहिलेलं असतं, टोकही टाइप-सीचंच, त्यामुळे तो लॅपटॉपला लावला जातो. पण अनेक फोन कंपन्यांची वेगवान चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची असते. ते मोठे वॅट त्याच कंपनीच्या फोनला मिळतात. लॅपटॉपला तो चार्जर ५ किंवा ९ व्होल्टच देऊ करतो. बहुतेक लॅपटॉपना चार्ज व्हायला २० व्होल्ट लागतात, काहींना १५ चालतात. म्हणून चार्जरवरचा ठळक आकडा सोडा आणि बारीक अक्षरांतली `OUTPUT` ची ओळ वाचा. त्यात 20V नसेल तर तो चार्जर तुमच्या लॅपटॉपसाठी नाही असं समजा.

केबलचंही तसंच. एका टोकाला जुनं चपटं चौकोनी यूएसबी असलेल्या केबलमधून हे बोलणं होतच नाही, दोन्ही टोकं टाइप-सीच हवीत. साध्या टाइप-सी केबलमधून ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सोडत नाहीत, म्हणजे २० व्होल्टला जास्तीत जास्त ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. म्हणून १०० वॅटचा महाग चार्जर साध्या केबलने लावला तर लॅपटॉपला ६० च मिळतात, आणि ताकदवान लॅपटॉप तेवढ्यावर कुरकुरतो. आणखी एक, लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी सॉकेट चार्जिंगचं असतंच असं नाही. दोन असतील तर दोन्हीकडे लावून बघा. चार्जिंगच्या सॉकेटजवळ बहुधा प्लगचं किंवा बॅटरीचं छोटं चित्र असतं.

आता ड्रायव्हर. बंद लॅपटॉपात बॅटरी भरते, पण विंडोजमध्ये आकडा किंवा निरोप चुकीचा दिसतो, अशा वेळीच त्याच्याकडे वळायचं. स्टार्टवर उजवं क्लिक करून `Device Manager` उघडा आणि `Batteries` हा गट फोडा. तिथे सहसा दोन नावं दिसतात, `Microsoft AC Adapter` आणि `Microsoft ACPI-Compliant Control Method Battery`. दुसऱ्यावर उजवं क्लिक करून `Uninstall device` करा. मग वरच्या `Action` मधून `Scan for hardware changes` दाबा किंवा लॅपटॉप परत सुरू करा. हा ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच असतो, त्यामुळे कुठून उतरवून घ्यायला लागत नाही आणि काढल्याने काही बिघडतही नाही. कुठल्याशा संकेतस्थळावरून बॅटरी ड्रायव्हरच्या नावाने मिळणारी फाइल मात्र टाकू नका, तिची गरजच नसते. ड्रायव्हर परत आला की तो कंट्रोलरला नव्याने स्थिती विचारतो, अडकलेला जुना आकडा गेला तर तेवढ्याने जातो. कंट्रोलरच गोंधळलेला असेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग परत जोडून सुरू करा. काही मॉडेलांत पोटाखाली टाचणीच्या टोकाने दाबायचं छोटं भोकही यासाठी दिलेलं असतं. हे केल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोसचं अपडेट आलंय का बघणं योग्य ठरतं, कारण चार्जिंगचे नियम बायोस आणि कंट्रोलरच्या प्रोग्राममध्येच लिहिलेले असतात. बॅटरी कमी आणि चार्जिंग बंद, अशा अवस्थेत ते अपडेट सुरू होतच नाही, तशी अटच असते.

पॉवर प्लॅनचं काम वेगळंच आहे. तो चार्जिंग चालू किंवा बंद करत नाही, लॅपटॉप किती वीज खाईल एवढं ठरवतो. नळाला येणारं पाणी आधी घरात वापरलं जातं आणि उरलं तर टाकीत चढतं, तसं चार्जरच्या विजेचं आहे. आधी लॅपटॉपची गरज भागते, उरलेली बॅटरीत जाते. ४५ वॅट मिळत असतील आणि व्हिडिओचं काम किंवा गेम ४५ च्या जवळ खात असेल, तर बॅटरीसाठी काही उरत नाही. त्याहून जास्त खाल्लं तर चार्जर लावलेला असतानाही आकडा उतरतो. हे ताडून बघायला `Settings` मध्ये `System`, मग `Power & battery`, आणि तिथे `Power mode` पुढे `Best power efficiency` निवडा. जड प्रोग्राम बंद करा, अर्धा तास थांबा. आकडा चढायला लागला तर चार्जर अपुरा आहे हे सिद्ध झालं. कायमचा उपाय म्हणजे पुरेशा वॅटचा चार्जर. प्लॅनच्या आतल्या सेटिंगची फार मोडतोड झालेली असेल तर `powercfg -restoredefaultschemes` या आज्ञेने सगळं मूळ जागी येतं, पण स्वतः केलेले बदलही पुसले जातात.

नागपूरकरांनी आणखी एक कारण मनात ठेवावं, ते म्हणजे उन्हाळा. लिथियम बॅटरी तापलेली असताना चार्ज करणं धोक्याचं असतं, म्हणून तिच्या आतला सेन्सर सेलचं तापमान ४५ अंशांच्या आसपास गेलं की चार्जिंग थांबवायला लावतो. मे महिन्यात, नवतपात, बाहेर पारा ४५ ला टेकतो तेव्हा कूलर नसलेल्या खोलीत ४० सहज असतात. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालच्या जाळ्या चादरीने बुजलेल्या. मग बॅटरी ४५ ओलांडते आणि दुपारी चार्जिंग अडतं. ओळखायचं कसं, तर सकाळी सात वाजता तोच चार्जर, तोच लॅपटॉप बिनतक्रार चार्ज होतो आणि दुपारी दोन वाजता नाही. असं असेल तर काहीही दुरुस्त करायचं नाही. टेबलावर ठेवा, पंख्याखाली अर्धा तास बंद ठेवा, चार्जिंग आपोआप सुरू होईल. कूलरच्या अगदी तोंडासमोर मात्र ठेवू नका, तिथली ओलसर हवा आणि उडणारे तुषार लॅपटॉपला चांगले नाहीत. उन्हात उभ्या गाडीत दिवसभर राहिलेल्या लॅपटॉपला घरी आल्या आल्या चार्जर लावू नका, आधी निवू द्या.

मर्यादा नाही, ओळख पटतेय, उष्णता नाही, बंद असतानाही भरत नाही, असं सगळं झालं की मगच बॅटरीवर बोट ठेवायचं. तिचा अहवाल विंडोज स्वतः देतं.

```
powercfg /batteryreport /output "C:\Users\Public\battery.html"
```

ही फाइल ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या भागात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे सापडतात. पहिला म्हणजे नवी असताना मावायचं तेवढं, दुसरा म्हणजे आज मावतं तेवढं. मावसभावाच्या लॅपटॉपमध्ये पहिला 41,990 mWh होता आणि दुसरा 33,400, म्हणजे जवळपास ८० टक्के. तीन वर्षांच्या मानाने उत्तमच. दुसरा आकडा निम्म्याखाली आला असेल, किंवा आकडा ४० वरून एकदम ५ वर कोसळत असेल, तर बॅटरी म्हातारी झालीय. पण नुसतं म्हातारपण चार्जिंग थांबवत नाही, बॅटरी फक्त लवकर संपते. चार्जिंगच पूर्ण बंद होतं ते आतल्या सर्किटने बॅटरी बाद ठरवली असेल तर. महिनोन्महिने शून्यावर पडून राहिलेल्या बॅटरीचंही असं होतं. तिला आधी अगदी थोडा प्रवाह देऊन जागं करावं लागतं, म्हणून बंद लॅपटॉपला दोन-तीन तास चार्जर लावून ठेवून बघा. तेवढ्यात जागी झाली नाही तर ती बदलायचीच.

यापैकी कुठलीही परीक्षा करण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, झाकण नीट मिटत नसेल, किंवा पोट फुगून लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. तिला चार्जर लावायचा नाही, दाबून सपाट करायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. लॅपटॉप बंद करून तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.